५०० सबस्क्रायबरचा घोष आता पुरे करा

"सबस्क्रायबर वाढू द्या, पोस्टचा पर्याय आपोआप येईल." हे वाक्य पुन्हा कानावर आलं तर माझा आवाज नक्की चढणार आहे. पुण्यात यूट्यूब शिकवणारे क्लासवाले आजही हेच सांगतात आणि त्याचे पैसे घेतात. ५०० सबस्क्रायबरची अट २०२१ मधली आहे. ती केव्हाच गेली. आता पोस्ट आणि पोल टाकायला लागतात ते ॲडव्हान्स्ड फीचर्स, म्हणजे यूट्यूब चॅनेलची पडताळणी झाल्यावर देतं त्या जादा सोयी.

माझ्या वहिनीचं शाळेच्या डब्याच्या पदार्थांचं चॅनेल आहे. मुळ्याचे पराठे, नाचणीची धिरडी, मुलं न कुरकुरता खातील अशी पालेभाजी. कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या आया बघतात. सबस्क्रायबर हजारांत, मॉनेटायझेशन चालू, एकही स्ट्राइक नाही. यूट्यूब स्टुडिओत Settings, Channel, Feature eligibility उघडलं तर तिन्ही पायऱ्यांसमोर Enabled. तरी Create दाबलं की पोस्टचा पर्यायच नाही. रविवारी पोल टाकून आठवड्याचे पदार्थ ठरवायचे आणि घरचं मेतकूट, चटण्या चॅनेलवरच्या दुकानातून विकायच्या, एवढंच तिला हवं होतं.

ज्यांनी फी घेऊन चॅनेल उभं करून दिलं, त्यांच्याकडे ती पुन्हा पुन्हा गेली. दर वेळी नवीनच उत्तर. "मॅडम, अजून सबस्क्रायबर लागतील." मग "व्हेरिफिकेशन परत करा." मग "शॉर्ट्स वाढवा." अहो, Enabled दिसतंय म्हणजे व्हेरिफिकेशन झालेलं आहे! ते परत करून काय मिळणार? दुपारच्या झोपा मोडून शॉर्ट्स काढले त्या बाईने, कशासाठी?

शेवटी आम्हीच शोधलं. त्याच Channel मध्ये शेजारी Advanced settings आहे आणि तिथे Audience. तिथे निवडलेलं होतं: Yes, set this channel as made for kids. हे वहिनीने केलेलं नाही. चॅनेलच्या वर्णनात 'मुलांचा डबा' असे शब्द दिसले आणि या क्लासवाल्यांनी बिनदिक्कत मुलांचं चॅनेल ठरवून टाकलं. मुलांसाठी स्वयंपाक करणाऱ्या आईला शिकवणारा व्हिडिओ आईसाठी असतो. बघणारं कोण आहे, हा प्रश्न आहे. जेवणारं कोण, हा नाही. एवढं कळत नाही आणि फी घेता?

चॅनेल 'मेड फॉर किड्स' असलं की पोस्ट मिळत नाहीत, चॅनेल मेंबरशिप नाही, घंटीही नाही. अशा व्हिडिओखाली कॉमेंट बंद, शेवटी एंड स्क्रीन नाही. २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबची अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी आणि न्यूयॉर्क राज्याशी मिळून १७ कोटी डॉलरची तडजोड झाली, ती तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल. त्यानंतर जानेवारी २०२० पासून हे नियम जगभरच्या चॅनेलला लागू आहेत. नियमाला माझी हरकत नाही. बडबडगीतांचं, कार्टूनचं चॅनेल असेल तर तिथे 'होय'च निवडायला हवं. पोल मिळावा म्हणून खोटं सांगायचं नाही.

पण लक्षण समोर होतं ना! वहिनी पहिल्यापासून सांगत होती की तिच्या व्हिडिओखाली कुणाला कॉमेंटच करता येत नाही. पोस्ट नाहीत आणि कॉमेंटही बंद, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की हे काम करणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी Audience उघडायला हवं. यांनी उत्तर दिलं, "लोक कॉमेंट करत नाहीत, तुम्ही विचारा त्यांना."

चॅनेलची सेटिंग बदलली आणि पोस्टचा पर्याय आला. दुकान मात्र आलं नाही. शॉपिंगसाठी पार्टनर प्रोग्रॅम लागतो, मॉनेटायझेशन चालू म्हणजे तो होताच, पण नुसतं चॅनेल मुलांचं नसणं पुरत नाही. त्यावर मुलांसाठी म्हणून नोंदवलेले व्हिडिओही मोठ्या संख्येने असून चालत नाहीत. क्लासवाल्यांनी प्रत्येक व्हिडिओ अपलोड करताना तिथेही 'होय' निवडून ठेवलं होतं. व्हिडिओवर वेगळं निवडलेलं असेल तर तेच चालतं, चॅनेलची सेटिंग त्याला बदलत नाही.

हे दुरुस्त करा म्हटल्यावर काय म्हणावं त्यांनी? "जुने व्हिडिओ आहेत मॅडम, प्रत्येकाचा वेगळा चार्ज पडेल." स्वतः घातलेला घोळ निस्तरायला वेगळे पैसे! स्टुडिओत Content उघडायचं, व्हिडिओंवर खुणा करायच्या, Edit मधून Audience घ्यायचं, 'नाही' निवडून Update videos दाबायचं. सगळे एकदम बदलतात. आधी एकेक व्हिडिओ आईसाठीच आहे ना, हे तेवढं तपासून घ्यायचं. ज्या व्हिडिओला यूट्यूबनेच मुलांचा ठरवलं असेल तो मात्र असा बदलत नाही, त्यासाठी अपील करावं लागतं. वहिनीचा तसा एकही नव्हता. तिने चहा उकळेपर्यंत सगळे बदलले, आणि याच कामाचे ते व्हिडिओगणिक पैसे मागत होते.