प्लॅन ३९९चा, बिल १,२३२चं!

म्हापशाच्या घरी बसून मोबाईलचं बिल उघडलं आणि डोकंच फिरलं. भाडं ३९९, 'मूल्यवर्धित सेवा' ४५, आंतरराष्ट्रीय रोमिंग ६००. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १८७.९२. लुटीवरही कर!

ही ४५ची सेवा कसली? कॉलर ट्यून! मागितली कुणी? नियम म्हणतो, अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्या. माझी दोनदा सोडा, एकदा तरी घेतली का? बंद करायला १५५२२३ हा नंबर आहे म्हणे. म्हणजे गळ्यात मारणार ते आणि काढत बसणार मी!

आणि रोमिंग? दोहाला विमान बदलताना फोन सुरू केला, एवढंच. फोन खिशात, पण मोबाईल डेटा आणि डेटा रोमिंग चालू, म्हणून फोटोंचा बॅकअप मागच्या मागे सुरू. पॅक नाही, मग प्रत्येक एमबीला सुट्टा दर. 'कतारमध्ये स्वागत' हा मेसेज तत्परतेनं येतो, मीटर पडलाय हे मात्र बिल सांगतं. वा रे वा!

कस्टमर केअरवाली गोड आवाजात म्हणते, "सर, सिस्टिममध्ये तसंच दिसतंय." मग दाखवा ना त्याच सिस्टिममध्ये माझ्या संमतीची तारीख आणि वेळ! तेव्हा लगेच, "सर, कृपया होल्डवर थांबा." आणि होल्डवर काय वाजतं? कॉलर ट्यूनची जाहिरात!