काहीतरी येतंय (पण सांगणार नाही)

नवीन वस्तू बाजारात आणताना ती काय आहे, केवढ्याला आहे आणि कुठे मिळेल हे सरळ सांगून टाकायची वाईट खोड आपल्याकडे आहे. पुण्यात तर विचारायलाच नको. इथला दुकानदार काय मिळत नाही हेसुद्धा पाटीवर लिहून मोकळा होतो. अशा गावात उत्कंठा कशी निर्माण होणार? म्हणून आठवडाभरात तीन छोटे व्हिडिओ टाकून लोकांना तंगवत ठेवायची कला तुम्ही शिकून घ्या. मी ती सदाशिव पेठेतल्या आमच्याच स्वयंपाकघरात, हातात दिवा धरून उभा राहून शिकलो आहे.

वस्तू होती उपासाची भाजणी. राजगिरा, साबुदाणा, वरई वेगवेगळी भाजून दळून आणलेली. करणाऱ्या आमच्या वहिनी आणि खपवणारा त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या. मुहूर्त आषाढी एकादशीचा, ती रविवारी आली होती. सोमवारी पहिला व्हिडिओ, बुधवारी दुसरा, शुक्रवारी तिसरा आणि रविवारी सकाळी दहाला विक्री सुरू. वेळापत्रक ऐकून वहिनी एवढंच म्हणाल्या, "अरे, एकादशीला सकाळी दहा वाजता पीठ कोण विकत घेतं? ते दशमीला घरात लागतं." तुमच्याही घरात असं कोणीतरी निघेलच. त्यांच्याकडे अजिबात लक्ष देऊ नका. सणाच्या आदल्या रविवारी विक्री सुरू केली तर माल खपेल हे खरं, पण मग रविवारी सकाळी टाकायच्या शुभेच्छांच्या चित्राला काय अर्थ राहिला?

पहिल्या व्हिडिओचा नियम सोपा आहे: सगळं लपवायचं. आम्ही खोली अंधारी केली. वरून चाळणीतून पीठ पडतंय, मागून माझा दिवा, अत्यंत मंद गती आणि खाली घुमणारा ढोल. बावीस सेकंद. त्यातले पहिले चार सेकंद पुतण्याने स्वतः काढलेलं बोधचिन्ह गोल गोल फिरत होतं. शेवटी अक्षरं उमटली: 'काहीतरी येतंय.'

वहिनींची सूचना मात्र भलतीच होती. "तव्यावर थालीपीठ उलटताना तुटतं ना, ते दाखव पहिल्यांदा. सगळ्यांचं तुटतं." आता त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. या तिन्ही जिनसांत गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे पीठ धरत नाही आणि बायका उकडलेला बटाटा कुस्करून घालतात. वहिनी बटाटा घालत नाहीत. त्या कोमट पाण्यात पीठ भिजवून दहा मिनिटं झाकून ठेवतात, भाजलेल्या साबुदाण्याचं पीठ तेवढ्यात फुलतं आणि सगळं बांधून ठेवतं. म्हणजे पहिल्या सेकंदाला तुटकं थालीपीठ दाखवलं असतं तर बघणारी बाई "अगं बाई, माझंच!" म्हणून थांबली असती, आणि उत्तर काय ते बघायला बुधवारी परत आली असती. प्रश्न तिचा आणि लपवलेलं उत्तर आमचं, असा तो डाव होता. पण असल्या साध्या गोष्टीत गूढ कुठे आहे? पुतण्याने उत्तराबरोबर प्रश्नही लपवला.

टाकल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने आलेख उघडला. कितव्या सेकंदाला किती लोक सोडून गेले ते त्यात दिसतं. आमची रेघ तिसऱ्या सेकंदाला लकडी पुलावरून नदीत उडी मारावी तशी खाली गेली होती. म्हणजे बोधचिन्हाची पहिली गिरकीही लोकांनी पुरती पाहिली नव्हती. असा आलेख दिसला तर घाबरू नका. तो बंद करा आणि किती लोकांना व्हिडिओ 'दिसला' तो मोठा आकडा नातेवाइकांना पाठवा. त्या आकड्यात अंगठ्याने वर ढकलून दिलेलेही धरलेले असतात, हे नातेवाइकांना कुठे माहीत असतं?

ज्यांनी शेवटपर्यंत पाहिला त्यांनी तर्क लढवले. रांगोळी. टाल्कम. कोथरूडच्या एका गृहस्थांनी मुंग्यांची पावडर असल्याचं ठामपणे सांगितलं आणि ती चालत नाही असंही पुढे जोडलं. पुतण्याने प्रत्येकाला दोन डोळ्यांचं चिन्ह पाठवलं. याला संवाद साधणे म्हणतात.

बुधवारच्या व्हिडिओत आवाजाला महत्त्व द्या. पुतण्याने माझ्याकडून भरदार आवाजात चार वाक्यं बोलून घेतली. बसमध्ये, कचेरीत, झोपलेल्या बाळाशेजारी लोक आवाज बंद करूनच बघतात, हे खरं आहे. म्हणून शब्द पडद्यावरही द्यावे लागतात. ते आम्ही दिले, पण अगदी तळाला. लॅपटॉपवर ते फार देखणे दिसत होते. फोनवर मात्र उभ्या व्हिडिओच्या तळाशी खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजव्या कडेला बटणांची रांग येते. आमचं 'परंपरेला नवा आधार' हे वाक्य त्यात असं सापडलं की वर फक्त एक अनुस्वार आणि एक मात्रा उरली. तळाचा साधारण पाचवा भाग आणि उजवी कड मोकळी ठेवून अक्षरं मध्याच्या जवळ आणायची, आणि टाकण्याआधी एकदा दुसऱ्याच्या फोनवर, आवाज बंद करून बघायचं, एवढंच करायचं होतं. पण मग माझ्या भरदार आवाजाचं काय झालं असतं?

दुसऱ्या व्हिडिओत पहिल्याचं अर्धं उत्तर द्यावं, असं काही जुनाट लोक मानतात. आम्ही तेच पीठ डावीकडून दाखवलं. शेवटी लिहिलं: 'सोमवारी पाहिलंत ना? आता फक्त चार दिवस!' ही ओळ तुम्ही जरूर वापरा, कारण तिच्यात या धंद्यातलं मोठं अज्ञान सुखरूप राहतं. फोन हे व्हिडिओ क्रमाने दाखवत नाही. सोमवारचा कोणाला शुक्रवारी दिसतो, बुधवारचा पुढच्या बुधवारी, आणि बहुतेकांना तिन्हींपैकी एखादाच दिसतो. त्यामुळे प्रत्येक व्हिडिओ एकटा पाहिला तरी कळला पाहिजे आणि 'उद्या', 'परवा', 'चार दिवस' याऐवजी वार आणि तारीख हवी. आम्ही मालिका केली होती, ती पण मधल्या भागापासून बघायची.

तिसऱ्या व्हिडिओसाठी पुतण्याला वारी हवी होती. पार्श्वभूमीला पालखी आणि पुढे पाकीट. तो कॅमेरा घेऊन नाना पेठेत निघालाही. मी त्याला आठवण करून दिली की पालख्यांनी पुणे सोडून दोन आठवडे झाले, शुक्रवारी त्या वाखरीच्या आसपास असतील. तो खट्टू झाला. मग त्याने भिंतीवरच्या विठ्ठलाच्या कॅलेंडरवर भागवलं. जुलै महिना तेवढा दिसू दिला नाही, कारण कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं.

इथे सांगायला हवं की वहिनींनीही गुरुवारी रात्री एका पाठकोऱ्या कागदावर आपली संहिता लिहून दिली होती. त्यांनी सुरुवात शेवटापासून केली होती. आधी शुक्रवार: पाकीट हातात, अर्धा किलो, एकशे ऐंशी रुपये, घराचा पत्ता, शनिवारी सकाळी आठपासून. मग मागे जाऊन बुधवार: हात पीठ भिजवतोय, झाकण, घड्याळ, अखंड उलटलेलं थालीपीठ, अक्षरं 'बटाटा नाही', पाकीट दाखवायचं नाही. मग सोमवार: तुटकं थालीपीठ, अक्षरं 'बटाटा घालूनही तुटतं?' बस्स. प्रत्येक व्हिडिओला एकच गोष्ट आणि शुक्रवारपर्यंत एक कोपरा झाकलेला. पुतण्याने कागद वाचला आणि म्हणाला, "आई, यात स्टोरी नाहीये." कागदावर मग दुधाचा हिशोब झाला.

शुक्रवारच्या आमच्या व्हिडिओत पाकीट होतं, ढोल होता, मी होतो. किंमत नव्हती. ती विचारणाऱ्याला खासगीत कळवायची होती, म्हणजे 'संवाद वाढतो'. विचारणारे पस्तीस निघाले आणि कळवणारा एकटा पुतण्या संध्याकाळी जिममध्ये. पाकिटाची मागची बाजूही दाखवली नव्हती. त्यावर खाद्य नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, वजन, पॅकिंगची तारीख, एमआरपी हे सगळं वहिनींनी रीतसर छापून घेतलं होतं, पण पुतण्याच्या मते त्याने चौकट बिघडत होती. उलट त्याने जोडलं: 'पहिल्या शंभर जणांना निम्म्या किमतीत!'

पाकिटं किती होती? ऐंशी. चाळीस किलोच दळून झालं होतं, कारण उपासाचं दळण वेगळ्या जात्यावर घ्यावं लागतं आणि त्या आठवड्यात अख्ख्या पेठेची रांग तिथेच होती. स्वस्तात देतो म्हणून गिऱ्हाईक ओढणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आमिष दाखवणारी जाहिरात म्हटलं आहे आणि त्या किमतीत पुरेसा माल पुरवता आला पाहिजे अशी अट तिच्यावर घातली आहे. तुम्ही ही तत्त्वं वाचू नका, उत्साह मावळतो.

त्याच संध्याकाळी वहिनींनी गुपचूप एक उद्योग केला. जिन्यात उभं राहून पाकिटाचा पुढून एक आणि मागून एक फोटो काढला, खाली किंमत लिहिली आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. ट्यूबलाइटचा उजेड, एका कोपऱ्यात आमच्या चपला. शनिवारी, दशमीला, दुपारपर्यंत ऐंशीच्या ऐंशी पाकिटं गेली. पूर्ण किमतीत.

रविवारी सकाळी दहाला उलटमोजणी संपली आणि विकायला काहीच नव्हतं. अशा वेळी खचून जायचं नसतं. पुतण्याने लाल अक्षरांत 'सोल्ड आऊट!' टाकलं आणि खाली आभार मानले. एकाही पाकिटाला हात न लावता विक्रीचा विक्रम करता येतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. निम्म्या किमतीच्या आशेने आलेल्या तीन जणांना वहिनींनी खिचडी खाऊ घातली.

शुक्रवारच्या व्हिडिओच्या शेवटी 'परवा येतंय!' असं लिहिलेलं होतं, ते अजून तिथेच आहे. दुकानातल्या 'आज रोख उद्या उधार'च्या पाटीसारखं ते कधी खोटं ठरत नाही. गणपतीत हडपसरहून एका बाईंचा फोन आला. "परवा म्हणजे नक्की कधी हो?"

"कार्तिकीला," वहिनी म्हणाल्या. "पण नवमीलाच या."