लाल टोमॅटो दिल्लीला पाठवायचाच कशाला?

"टोमॅटोचं ग्रेडिंग-पॅकिंग हे थोतांड आहे. वरचा माल महाग गेला तरी खालचा स्वस्तात जातो, सरासरी तीच. कॅरेट ठासून भरा, भाडं वाचतं. फारच लांब जायचं असेल तर एसी गाडी करा, मग काहीही भरलं तरी पोचतं. आणि ते एगमार्क निर्यातवाल्यांसाठी. मंडीत कोण विचारतं?"

इंदूरच्या शेतीवाल्या गटांमधून फिरत हा संदेश माझ्या वर्गातल्या मुलांपर्यंत पोचला आणि निम्म्या वर्गाला तो पटला. पटण्यासारखं त्यात काही आहेही. ज्याला आपला माल इंदूरच्याच चोइथराम मंडीत उतरवायचा आहे, त्याच्या बाबतीत पहिलं वाक्य बरंचसं खरं ठरतं. तिथे घेणारा कॅरेटसमोर उभा असतो, हात घालून बघतो आणि संध्याकाळपर्यंत तो माल शहरात विकून मोकळा होतो. निवडीवर खर्च केलेला रुपया तिथे परत येईलच असं नाही. पण माल इथून सुमारे ८०० किलोमीटरवर दिल्लीच्या आझादपूर मंडीत जायचा असेल, तर गणित बदलतं.

आधी हिशेब. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. तुम्ही त्या दिवशीचे भाव घालून पुन्हा मांडा. एका शेतातून २० किलोची १०० कॅरेट, म्हणजे २,००० किलो माल निघाला. त्यात १,२०० किलो नुकताच रंग फुटलेला, ६०० किलो पूर्ण लाल पण धडधाकट आणि २०० किलो तडकलेला किंवा दबलेला आहे. सगळा एकत्र दिल्लीला पाठवला, तर वाटेत आणि उतरवताना १५ टक्के गेला असं धरू. उरले १,७०० किलो. मिसळीचा भाव २२ रुपये, म्हणजे ३७,४०० रुपये. भाडं, हमाली, आडत वगैरे पाठवलेल्या प्रत्येक किलोमागे ५ रुपये, म्हणजे १०,००० वजा. हातात २७,४००.

आता निवडून पाठवू. रंग फुटलेले १,२०० किलो दिल्लीला गेले. त्यात ४ टक्के घट धरली तर १,१५२ किलो उरतात. एकसारख्या मालाला २८ रुपये मिळाले, तर ३२,२५६ होतात आणि खर्च ६,००० जातो. लाल ६०० किलो त्याच दिवशी इंदूरला १७ रुपयांनी विकले: १०,२००, त्यातून खर्च ९०० वजा. तडकलेला २०० किलो माल ५ रुपयांनी गेला, त्याचे १,०००. निवडीची मजुरी सगळ्या मालावर पाऊण रुपया किलो, म्हणजे १,५००. हातात ३५,०५६. फरक साडेसात हजारांच्या वर.

इथेच विद्यार्थी फसतात. हा फरक दिल्लीच्या चढ्या भावामुळे पडला असं त्यांना वाटतं. मग तो चढा भाव काढून टाका आणि निवडलेल्या मालालाही २२ रुपयेच द्या. तरी हातात २८,१४४ येतात, म्हणजे न निवडता पाठवल्यापेक्षा थोडे जास्तच. कारण जो माल पोचणारच नव्हता, त्याचं ८०० किलोमीटरांचं भाडं तुम्ही भरलं नाही. शिवाय धडधाकट लाल टोमॅटोला त्याच्या आयुष्याला परवडेल असा बाजार मिळाला. 'सरासरी तीच' हे तेव्हाच खरं ठरतं, जेव्हा सगळा माल एकाच बाजारात, एकाच दिवशी, काही न गमावता विकला जातो. उलट बाजूही सांगतो. इंदूरात लालचा भाव ८ रुपयांवर आला आणि दिल्लीनेही चढा भाव दिला नाही, तर निवड तोट्यात जाते. असे दिवस येतात, म्हणून तोडणीच्या आदल्या संध्याकाळी दोन्हीकडचे भाव विचारायचे.

मी निवड रंगाने केली, आकाराने नाही, हे लक्षात आलं असेल. लांबच्या बाजारासाठी टोमॅटोत पहिली चाळणी पक्वतेची असते. टोमॅटो तोडल्यावरही पिकत राहतो आणि पिकताना इथिलीन वायू सोडतो. एका कॅरेटमध्ये चार पूर्ण लाल फळं असली, तर ती भोवतालच्या फळांनाही घाई करायला लावतात. वर ती मऊ असल्यामुळे आधी दबतात, फुटतात आणि त्यांचा रस शेजारच्या फळांवर सांडतो. तोडणीच्या वेळी देठाच्या विरुद्ध टोकाकडे बघायचं. हिरव्यावर पिवळट-गुलाबी छटा नुकतीच उमटली असेल आणि ती एक दशांशाहून जास्त पसरलेली नसेल, तर रंग फुटला असं म्हणतात. एक दशांश ते तीन दशांश ही त्यापुढची पायरी. दिल्लीसाठी या दोन पायऱ्या उत्तम, कारण २० अंशांच्या आसपास अशा फळाला पूर्ण लाल व्हायला साधारण आठवडा लागतो. रात्र-दिवसाचा प्रवास, पहाटेचा लिलाव आणि किरकोळ दुकानातले दोन-तीन दिवस त्यात बसतात. मे महिन्यात मात्र सावध राहा. ३० अंशांवर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, फळ मऊ पडतं पण पिवळट-नारिंगीच राहतं, आणि घेणारा त्याला 'कच्चा' म्हणून भाव पाडतो. असा माल दिसला तर तोडणीला दोष देण्याआधी गाडी दुपारी उन्हात किती वेळ उभी होती ते विचारा.

शेव किती बारीक हवी यावर तासभर वाद घालणारं आमचं शहर टोमॅटोच्या तड्यांबाबत इतकं उदार कसं, हे मला कोडंच आहे. तडा ताजा आणि ओला असेल तर फळ लांब पाठवायचं नाही, कारण बुरशी तिथूनच आत शिरते. देठाजवळचा जुना, भरून वाळलेला तडा मात्र फक्त दिसायला वाईट असतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या संस्थेच्या टोमॅटो मानकात दुसऱ्या वर्गाला ३ सेंटिमीटरपर्यंतचा असा भरलेला तडा चालतो. हा फरक निवडणाऱ्या बायकांना ताज्या आणि वाळलेल्या तड्यांची फळं हातात देऊन दाखवावा लागतो. नाहीतर त्या सगळीच तडकलेली फळं तरी काढतात किंवा सगळीच ठेवतात.

आता ठासून भरण्याबद्दल. प्लास्टिक कॅरेटवर दुसरं कॅरेट ठेवलं की वरचं वजन खालच्याच्या भिंतींवर आलं पाहिजे. फळं काठाच्या वर आली की ते वजन फळांवर येतं, आणि थरावर थर चढला की सगळ्यात खालच्या कॅरेटमधला माल वरच्या सगळ्यांचा भार झेलतो. म्हणून काठाखाली दोन-तीन सेंटिमीटर मोकळे ठेवायचे. फार सैल भरलं तरीही नुकसान होतं, कारण गाडीच्या हादऱ्यांनी वरचा थर उड्या मारतो आणि फळांची साल घासली जाते. हा हादरा मागच्या चाकांच्या वरच्या आणि पाठीमागच्या भागात सगळ्यात जास्त असतो, तिथे कमी पिकलेला माल ठेवावा. गाडी रिकामी होताना नुकसान कुठे आहे ते बघितलं की कारणही कळतं. खालच्या कॅरेटमध्ये चपटी, फुटलेली फळं असतील तर भरणं चुकलं. मागच्या रांगेत वरचा थर घासलेला असेल तर सैल भरलं किंवा हादरा लागला. सगळ्याच थरांत मऊ लाल फळं दिसली, तर निवडच चुकली.

कॅरेटच्या भिंतीतल्या भोकांवर वर्तमानपत्र लावायची सवय इथे सर्रास आहे. कागद तळाला घाला, बाजूची भोकं मोकळी राहू द्या, कारण आतली ऊब तिथूनच बाहेर जाते. पुठ्ठ्याची पेटी वापरणार असाल तर दोन गोष्टी. दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. आणि पेटीचं बळ तिच्या चार कोपऱ्यांत असतं, त्यामुळे कोपऱ्यावर कोपरा येईल अशीच रास रचावी. विटांसारखी आडवीतिडवी रचलेली रास पक्की दिसते, पण पेट्या लवकर खचतात.

एसी गाडीवरचा विश्वास तर मला सगळ्यात महाग वाटतो. अशी गाडी थंडावा टिकवण्यासाठी बनलेली असते, तापलेला माल थंड करण्यासाठी नाही. दुपारी तोडलेलं ३५ अंशांचं फळ थेट भरलं, तर दाराशी दिसणारा आकडा हवेचा असतो. राशीच्या पोटात फळ सकाळपर्यंत गरमच राहतं. पहाटे तोडणं, सावलीत निवड आणि भरण्याआधी थंड करणं, हे क्रमाने व्हायला हवं. शिवाय रंग फुटलेल्या टोमॅटोला १२-१३ अंशांच्या खालची थंडी मानवत नाही. एका रात्रीत फार बिघडत नाही, पण पोचल्यावर तोच माल शीतगृहात आठवडाभर ५ अंशांवर पडला, तर पुढे तो डागाडागाने रंगतो किंवा रंगतच नाही आणि त्यावर खड्डे पडून काळी बुरशी धरते. हे नुकसान बाहेर काढल्यावर एक-दोन दिवसांनी दिसतं, म्हणून दोष दुकानदाराच्या माथी जातो.

एगमार्क, म्हणजे शेतमालाच्या दर्जाचा सरकारी शिक्का, त्याचं म्हणाल तर त्यामागचा कायदा १९३७ चा आहे आणि देशातल्या बाजारासाठी टोमॅटोवर तो सक्तीचा नाही. मंडीत कोणी विचारत नाही हे त्यामुळे खरं. पण त्यातली सूट ही कल्पना वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. विशेष वर्गात ५ टक्के आणि पहिल्या वर्गात १० टक्के फळं त्या वर्गाच्या अटींत न बसणारी चालतात. २० किलोच्या कॅरेटमध्ये ८० ग्रॅमची साधारण २५० फळं मावतात, म्हणजे पहिल्या वर्गात २५ पर्यंत माफ, २६ झाली की वर्ग गेला. मोजायचं तर वरून चार फळं उचलून नव्हे. गाडीच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागातून, वरच्या आणि खालच्या थरातून कॅरेट काढायची, चादरीवर पूर्ण रिकामी करायची आणि चुकीची फळं वेगळी मोजायची. वर चकचकीत आणि खाली मिसळ असा माल या मोजणीत टिकत नाही, आणि दिल्लीचा घेणाराही कॅरेट असंच उलटं करून बघतो. एकदा फसला की पुढच्या वेळी तुमच्या चांगल्या मालालाही तो मिसळीचाच भाव लावतो.

म्हणून प्रत्येक कॅरेटला चिठ्ठी लावा: वाण, वर्ग, वजन, तोडणीची तारीख आणि शेताचा क्रमांक. आडत्याने फोनवर "माल मऊ निघाला" म्हटलं की त्याला क्रमांक विचारा. तो एकाच शेताचा निघाला तर तिथली तोडणी पुढच्या वेळी एक दिवस आधी घ्यायची. सगळ्याच शेतांचा निघाला तर गाडीवाल्याशी बोलायचं.