आधी शिडी, मग अर्ज: एका प्रतिक्रियेला उत्तर

«पहिला अर्ज लिहायच्या आधी वरचे सगळे अधिकारी आणि अपिलं शोधून ठेवा म्हणे! सामान्य माणसानं काय वकिली शिकायची? माझी वारस नोंद तलाठ्याकडे अडकली होती. थेट जिल्हाधिकाऱ्यांना पत्र टाकलं, काम झालं. कायदा दाखवला की उलट अधिकारी चिडतात. तुमचा लेख साध्या गोष्टी अवघड करतो.»

तुमचं काम झालं, आणि ते का झालं तेही उघड आहे. तलाठ्यानं नोंद धरलीच नव्हती. निर्णय झालेला नव्हता, नुसती दिरंगाई होती. दिरंगाईवर वरून फोन गेला की कागद हलतो. तिथे जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलं काय, तहसीलदारांना लिहिलं काय, फार बिघडत नाही.

आता तुमच्याच प्रकरणात एक गोष्ट बदलून बघा. तलाठ्यानं फेरफार धरला, नोटिसा काढल्या आणि चुलतभावानं हरकत घेतली. प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत गेलं, सुनावणी झाली आणि मंडळ अधिकाऱ्यानं नोंद नामंजूर केली. आता हातात आदेश आहे, आणि आदेशावर तक्रार चालत नाही, अपील लागतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 247 प्रमाणे ते उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांतांकडे जातं. प्रांतांच्या निर्णयावर पुढचं अपील जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी ऐकतात.

अशा वेळी जिल्हाधिकाऱ्यांना ‘तक्रार अर्ज’ पाठवला तर काय होतं, ते मी पुन्हापुन्हा पाहिलंय. अर्जावर आवक क्रमांक पडतो आणि तो ‘नियमोचित कार्यवाहीसाठी’ तहसील कार्यालयात उतरतो. तिथून उत्तर येतं की आदेश झालेला आहे, अपील करावं. उत्तर बरोबरच असतं, पण तोवर मुदत गेलेली असते. कलम 250 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशाला 60 दिवस मिळतात. आदेशाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात, तक्रारीत गेलेले आपोआप वगळत नाहीत. मग कलम 251 खाली विलंब माफीचा अर्ज करायचा आणि उशिराचं पुरेसं कारण पटवायचं. ‘मी वरती पत्र पाठवून वाट बघत होतो’ हे कारण मान्य होईल याची खात्री कोण देणार? लोकशाही दिनाचाही इथे उपयोग नाही, महसुली अपिलांची प्रकरणं तिथे घेतच नाहीत.

म्हणून मी शिडी आधी आखायला सांगतो. वकिली शिकायची गरज नाही, एक पान पुरतं. सर्वात खाली ज्याची सही लागणार आहे तो अधिकारी लिहायचा, नावानं नव्हे, पदानं, कारण बदल्या होतात. त्याच्या वर दोन वेगळ्या रांगा काढायच्या. एका रांगेत तो काम करत नसेल तर त्याच्यावर देखरेख कोणाची, म्हणजे मंडळ अधिकारी, मग तहसीलदार. दुसऱ्या रांगेत त्यानं चुकीचा निर्णय दिला तर अपील कोणाकडे, किती दिवसांत आणि ते दिवस कुठून मोजायचे. दोन्ही रांगांत काही पदं तीच असतात, म्हणूनच गोंधळ होतो. तुमचे प्रांत दिरंगाईबद्दल तलाठ्याला झापू शकतात. पण आदेश झाल्यावर तेच अपील ऐकायला बसतात, आणि मग साध्या पत्रावरून त्यांना निर्णय फिरवता येत नाही.

ही माहिती मिळवायला ओळखी लागत नाहीत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(1)(ख) प्रमाणे प्रत्येक कार्यालयानं अधिकाऱ्यांचे अधिकार व कर्तव्यं आणि निर्णयप्रक्रियेतल्या देखरेखीची साखळी स्वतःहून जाहीर करायची असते. कार्यालयात लावलेला हा माहितीचा फलक जुना असेल तर आस्थापनेच्या कारकुनाला विचारा, तो बहुतेक वेळा सांगतो. एक मात्र तपासा: तुमची सेवा लोकसेवा हक्क कायदा, 2015 खाली अधिसूचित आहे का. असेल तर दिरंगाईलाही स्वतंत्र शिडी आहे: पदनिर्देशित अधिकारी, त्यावर प्रथम आणि द्वितीय अपिलीय प्राधिकारी, शेवटी लोकसेवा हक्क आयोग. तिथे पहिल्या अपिलाला 30 दिवस असतात, म्हणजे दिरंगाईतही नुसती वाट बघून चालत नाही.

अधिकारी चिडतात, हे खरं आहे. पण शिडी अर्जात लिहायची नसतेच. ती तुमच्या फाईलमध्ये राहू द्या. पहिल्या अर्जात ‘अन्यथा मी वरिष्ठांकडे जाईन’ असं वाक्य नको, प्रतिलिपींची लांबलचक यादीही नको. अर्ज फक्त खालच्या पायरीला द्या, मागणी एकच ठेवा: ‘अमुक तारखेच्या वारस अर्जावर फेरफार धरावा, नामंजूर असल्यास कारणांसह लेखी आदेश द्यावा.’ दुय्यम प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग शिडी आखल्याशिवाय सुचत नाही, कारण अपिलाला लेखी आदेश लागतो. तोंडी ‘होत नाही’ ऐकून घरी आलात, तर अपिलाला जोडायला कागदच नसतो.