शिफारशीचं बक्षीस नेमकं कुणाला द्यायचं?

"तोंडी प्रसिद्धी सगळ्यात स्वस्त. लाखो फॉलोअर्स असलेला एखादा मतनेता धरा, शिफारशीवर घसघशीत बक्षीस लावा. पुढे साखळी आपोआप वाढत जाते."

धंदा वाढवू पाहणाऱ्यांना असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातला एकेक दावा तपासू. आधी मतनेता, म्हणजे ज्याच्या मतावर इतरजण विसंबतात तो. कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या डिकेटर शहरात स्त्रियांचा अभ्यास केला. तो 1955 साली प्रसिद्ध झाला. फॅशनबाबत जिचं ऐकलं जायचं, तिचं सार्वजनिक प्रश्नांवर कुणी ऐकेलच असं नव्हतं. शिवाय या स्त्रिया ऐकणाऱ्यांच्याच वर्तुळातल्या होत्या. फॉलोअर्सच्या आकड्यावरून पोहोच कळते, वजन नाही. मतनेता शोधायचा तर ग्राहकांना विचारा, "हे घेण्याआधी कुणाचा सल्ला घेतलात?" तीच नावं परत परत येऊ लागली की माणसं सापडली.

घसघशीत बक्षिसाचा मुद्दा अधिक फसवा आहे. र्‍यू आणि फाइक या विपणन-संशोधकांच्या 2007 च्या प्रयोगांत बक्षिसामुळे शिफारशीची शक्यता वाढली, पण रक्कम वाढवून फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो बक्षीस कुणाला मिळतं यावर. नातं जवळचं असेल, तर ऐकणाऱ्यालाही वाटा देणं फायद्याचं ठरतं. कारण उघड आहे: मैत्रिणीला सुचवलं आणि मागून तिला कळलं की याचे पैसे मिळाले, तर सल्ल्यावरचा विश्वासच जातो. ओळख जुजबी असेल, तर सांगणाऱ्याला बक्षीस दिलेलं चालतं. फाइली ऑनलाइन साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने दोन्ही बाजूंना जादा साठवण-जागा दिली. मला यातली हुशारी अशी वाटते की, ज्याला ती सेवा वापरायचीच नाही त्याला हे बक्षीसही नकोच असतं.

'आपोआप' या शब्दाचा हिशेब मांडून पाहू. समजा, 100 ग्राहकांनी प्रत्येकी तिघांना सांगितलं आणि दहातला एक आला. म्हणजे 30 नवे. तेच प्रमाण राहिलं तर त्यांच्यामुळे 9, मग जेमतेम 3. एकूण 43च्या आसपास आणि साखळी थंड. एका ग्राहकामागे सरासरी एकाहून कमी नवा ग्राहक येत असेल, तर ती विझणारच.

आणि स्वस्त? त्या पहिल्या 30पैकी 18 जण बक्षीस नसतानाही आले असते, असं धरा. बक्षीस मात्र तिसांवर गेलं आणि खरी भर पडली 12ची. म्हणजे खर्च दिसतो त्याच्या अडीचपट. हे 18 ओळखायचे कसे? काही ग्राहक चिठ्ठ्या टाकून निवडावेत, त्यांना योजना दाखवूच नये आणि त्यांच्याकडून किती नवे आले ते मोजावं. हे न करता सगळं श्रेय योजनेला दिलं जातं, हीच नेहमीची चूक.

शिफारशीने आलेला ग्राहक टिकतो, हे मात्र खरं. जर्मनीतल्या एका बँकेच्या सुमारे 10,000 ग्राहकांच्या अभ्यासात (2011) असे ग्राहक इतरांपेक्षा सरासरी 16 टक्के अधिक मोलाचे ठरले. बक्षिसाची रक्कम ठरवायची तर या फरकाच्या आत.