‘अबाउट’ कोण वाचतं?

> “यूट्यूब चॅनलच्या ‘अबाउट’वर अख्खा लेख? तो कोण उघडून वाचतो? माझ्या मिसेसचं डोंबिवलीत ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तुमचं वाचून अबाउटमध्ये ‘best ladies tailor near me, tailor in Dombivli, Thane, Kalyan, Mumbai’ असं सगळं भरलं. सहा महिने झाले, एक गिऱ्हाईक आलं नाही. फोन येतात ते नागपूरहून, नाशिकहून. उगाच लोकांना आशेला लावू नका.”

दादा, नागपूरहून फोन येतात म्हणजे व्हिडिओ पाहिले जातायत. त्यामुळे तुमच्या तक्रारीचा अर्धा भाग मला मान्यच आहे, आणि तो मी लेखात नीट लिहायला हवा होता: यूट्यूबला तुमचं दुकान कुठे आहे ते माहीतच नसतं. चॅनलच्या माहितीत देश निवडता येतो, पण गल्ली, चौक किंवा नकाशावरची खूण लावायची सोय तिथे नाही. त्यामुळे कटोरी ब्लाउजच्या कटिंगचा व्हिडिओ नागपूरच्या बाईला जसा दिसतो तसाच तुमच्या शेजारच्या सोसायटीतल्या बाईला दिसतो.

‘near me’ लिहूनही काही साधत नाही. असं कुणी शोधलं की गूगल तिच्या फोनचं ठिकाण बघतं आणि नकाशावर नोंदवलेली जवळची दुकानं दाखवतं. तिथे यायचं तर गूगल बिझनेस प्रोफाइल लागतं. पत्त्याची पडताळणी झालेली हवी, वर्ग ‘Tailor’ निवडलेला हवा आणि पाटीवर आहे तेच नाव हवं. नावाला ‘बेस्ट लेडीज टेलर डोंबिवली’ असं शेपूट जोडू नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही आणि नोंद बंद होऊ शकते. हे प्रोफाइल नसेल तर अबाउट बाजूला ठेवून आधी ते करा.

मग अबाउट कशाला? जिने व्हिडिओ आधीच पाहिलाय तिच्यासाठी. गळ्याचं फिनिशिंग तिला आवडलंय आणि तिच्या डोक्यात आता एकच प्रश्न आहे, ‘हे आहेत कुठे, आणि माझं काम घेतील का?’ ती चॅनलच्या नावावर बोट ठेवते. नावाखाली वर्णनाची जेमतेम सुरुवात दिसते, बाकीचं ‘more’ दाबल्यावर उघडतं. तुमच्या चॅनलवर त्या सुरुवातीला ‘best ladies tailor near me’ दिसतं. यात डोंबिवलीही नाही आणि ब्लाउजही नाही. पुढे चार शहरं एका दमात आली की दुकान नक्की कुठलं हे कळायचा मार्गच उरत नाही. डोंबिवलीची बाई निघून जाते, नागपूरची फोन करते.

मी ते असं लिहीन. दुकान फडके रोडच्या बाजूला आहे असं धरलंय, तुमचं जिथे असेल ते घाला:

```
डोंबिवली पूर्वेत साडीचे ब्लाउज आणि ड्रेस शिवून मिळतील. फडके रोड, गणेश मंदिरापासून चालत 5 मिनिटं.
साधा, अस्तराचा, कटोरी, प्रिन्सेस कट, पॅडेड ब्लाउज. फॉल-पिको. जुन्या ब्लाउजचं ऑल्टरेशन.
माप दुकानातच घेतो. कुरिअरने काम घेत नाही. जेन्ट्स शिलाई नाही.
सोमवार बंद. यायच्या आधी व्हॉट्सॲप करा, लिंक खाली आहे.
Ladies tailor, Dombivli East 421201. Saree blouse, padded blouse, fall pico, alteration.
```

पहिल्या ओळीवरच सगळी मदार आहे. ती शंभर अक्षरांच्या आत बसवलीय. वर्णनाला एकूण 1000 अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘डोंबिवली’ आपल्याला चार अक्षरांची वाटते, मोजणीत आठ होतात. म्हणून आरंभी ‘आमच्या चॅनलवर आपलं सहर्ष स्वागत’ लिहिलंत तर मोक्याची जागा तिथेच संपते.

‘पूर्वेत’ हा शब्द गाळू नका. डोंबिवलीकराला वेगळं सांगायला नको, पण ट्रायलला दोनदा यायचं असेल तर पश्चिमेची बाई स्टेशन ओलांडायचं की नाही हे आधी ठरवते. खुणेची जागाही अशी द्या की रिक्षावाल्याला एका शब्दात कळेल. इमारतीचं नाव दुसऱ्या ओळीत गेलं तरी चालेल.

‘कुरिअरने काम घेत नाही’ हे वाक्य मी मुद्दाम घातलंय. तुमचे नागपूरचे फोन पूर्ण थांबणार नाहीत, पण कमी व्हावेत. एरवी आपण काय करतो तेच लिहितो, काय करत नाही ते लिहायला कचरतो. (घेत असाल तर अर्थातच उलटं लिहा, मापाचा ब्लाउज सोबत पाठवायला सांगा.)

शेवटची रोमन ओळ शोधणाऱ्यांसाठी आहे. मराठी बायकासुद्धा फोनवर ‘blouse tailor dombivli’ असंच टाइप करतात. पण एक ओळ पुरे. गावांची आणि विशेषणांची माळ लावली की वाचणारी कंटाळते. तुम्ही तिथे घुसवलेली शहरं आणि शब्द खरं तर व्हिडिओच्या शीर्षकात कामाला येतात, कारण यूट्यूबवर शोधलं की मुख्यतः व्हिडिओच वर येतात. ‘नवीन गळा डिझाइन’ऐवजी ‘पैठणीवर पॅडेड ब्लाउज, डोंबिवली पूर्व’ असं शीर्षक द्या. आणि ठाणे काढाच. ठाण्याची बाई ब्लाउजच्या ट्रायलसाठी लोकलने येणार नाही.

दर मी घातले नाहीत. अस्तर, पॅड, डोरी, लटकन यांनी भाव बदलतो आणि जुना आकडा तिथे राहिला की काउंटरवर वाद होतो. ‘2 दिवसांत तयार’ हेही नको. लग्नसराईत किंवा दिवाळीच्या आधी ते खोटं पडतं आणि तोपर्यंत अबाउट बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या मावशीच्या दुकानात हे घडलंय: ऑर्डर बंद केल्या होत्या आणि चॅनलवर मात्र ‘अर्जंट मिळेल’ झळकत होतं. दिवाळीच्या आठवड्यात तीन बायका भांडून गेल्या.

आता ‘एक गिऱ्हाईक आलं नाही’ याबद्दल. हे तुम्ही कसं मोजलंत? फक्त आठवणीवर असेल तर माझा त्यावर विश्वास नाही, कारण दुकानात येणारी बाई ‘तुमचा व्हिडिओ पाहिला’ असं आपणहून क्वचितच सांगते. वर्णनात नुसता नंबर लिहू नका. लिंकसाठी वेगळी जागा असते, तिथे पहिली लिंक ही द्या:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=YouTube
```

X च्या जागी दहा आकडी नंबर, आधी शून्य किंवा + नको. ही लिंक दाबली की व्हॉट्सॲपमध्ये ‘YouTube’ हा शब्द आपोआप लिहिलेला येतो, तिने फक्त पाठवायचं. गूगल प्रोफाइलवरून येणाऱ्या नुसत्या फोनपेक्षा हे मेसेज वेगळे ओळखू येतात. शिवाय मिसेसना पावती पुस्तकात मापाच्या बाजूला ‘यू’, ‘गू’ किंवा ‘ओ’ (ओळखीतून) एवढं एक अक्षर लिहायला सांगा.

दोन महिन्यांनी ‘यू’ शून्यच असेल आणि ‘गू’ भरत असतील, तर अबाउट आहे तसं सोडून द्या आणि तो वेळ गूगलवर फोटो टाकण्यात घाला. तेव्हा मला इथे येऊन पुन्हा ऐकवा, मी काही म्हणणार नाही.