घड्याळाने फास्टॅगमधले पैसे चोरता येतात?

“सिग्नलला काच पुसणारा मुलगा हातातल्या घड्याळाने फास्टॅग स्कॅन करून पैसे काढतो, खरंय का?”

नाही. टॅगमध्ये पैसे नसतातच, बॅटरीही नसते. नाक्यावरच्या अँटेनाच्या रेडिओलहरींवर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. तो क्रमांक नाक्याच्या बँकेकडून एनपीसीआय या डिजिटल पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या संस्थेमार्फत टॅग देणाऱ्या बँकेकडे जातो आणि तिथे खात्यातून टोल वळता होतो. म्हणून मेसेज कधी कधी नाका ओलांडल्यावर येतो. घड्याळाने क्रमांक वाचला तरी पुढे काय? पैसे मागायचा अधिकार फक्त नोंदणीकृत टोलनाके, पार्किंग अशा व्यापाऱ्यांना असतो. व्यक्तीच्या खात्यात ते वळवायची सोयच नाही. २०२२ मध्ये असा दावा करणारा व्हिडिओ फिरला तेव्हा एनपीसीआयनेही हेच सांगितलं होतं. त्या पोरांना उगाच चोर ठरवू नका.